चर्चेबरोबर येणारा 'अबाउट'

सर, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, आता बँकेच्या परीक्षांची तयारी चाललीय. 'रीच्ड टू होम', 'एन्टर्ड इन्टू द रूम', 'मॅरीड विथ हर', 'डिस्कस्ड अबाउट' हे सगळं चूक आहे, हे मला पाठ आहे. तरी लिहायला बसलं की तेच हातून उतरतं. 'कोप अप विथ' तर चूक आहे हेच मला परवा कळलं. यादी पाठ करण्यापलीकडे काही मार्ग आहे का?

---

आहे. त्यासाठी हा जास्तीचा शब्द येतो कुठून ते आधी बघू. तो इंग्रजी कच्चं असल्यामुळे येत नाही, तो आपल्या मराठी वाक्यातून येतो, आणि एका ठरावीक वाटेनं येतो.

मराठीत आपण 'चर्चा' हे नाम घेतो आणि त्याला 'करणे' जोडतो. 'पाण्याच्या प्रश्नावर चर्चा केली.' 'खोलीत प्रवेश केला.' 'तिच्याशी लग्न केलं.' 'व्याकरणावर भर दिला.' 'दाखल्यासाठी विनंती केली.' या सगळ्या वाक्यांत खरं काम नाम करतं आणि 'करणे', 'देणे' नुसते आधाराला असतात. नाम आलं की त्याला दुसऱ्या शब्दाशी जोडायला काहीतरी लागतं, म्हणून 'वर', 'त', 'शी', 'साठी' येतात. इंग्रजी नामांचंही तसंच आहे. 'अ डिस्कशन अबाउट वॉटर', 'एन्ट्री इन्टू द रूम', 'अ रिक्वेस्ट फॉर अ सर्टिफिकेट', 'एम्फसिस ऑन ग्रामर' ही सगळी शुद्ध इंग्रजी आहे.

गडबड पुढच्या पायरीवर होते. इंग्रजीत चर्चा करण्यासाठी 'डिस्कस' असं एकटं क्रियापद आहे. ते कर्म थेट घेतं, मध्ये कुणी लागत नाही. आपण मनात 'च्यावर चर्चा केली' असं मराठी वाक्य जुळवतो, 'चर्चा केली'च्या जागी 'डिस्कस्ड' बसवतो, आणि 'च्यावर' हातात उरतं. ते टाकून द्यायला मन होत नाही, म्हणून 'अबाउट' लिहून मोकळे होतो. 'एन्टर्ड इन्टू', 'रिक्वेस्टेड फॉर', 'एम्फसाइज्ड ऑन' हे सगळे असेच जन्मतात.

म्हणून पहिली सवय ही लावा: प्रिपोझिशन लिहिताना त्याच्या आधीचा शब्द नाम आहे की क्रियापद, ते बघा. तिथं 'डिस्कशन' असेल तर 'अबाउट' राहू द्या, 'डिस्कस्ड' असेल तर काढा. 'अबाउट' ठेवायचाच हट्ट असेल तर वाक्य 'वुई हॅड अ डिस्कशन अबाउट इट' असं फिरवा. तेही बरोबरच आहे.

खरा त्रास नाम आणि क्रियापद दोन्हीचं रूप एकच असतं तिथं होतो. रिक्वेस्ट, ऑर्डर, डिमांड, अटॅक, आन्सर, व्हिजिट, लॅक हे सगळे त्याच घरातले. 'अ व्हिजिट टू गोकाक फॉल्स' बरोबर, पण 'वुई व्हिजिटेड टू गोकाक फॉल्स' चूक. 'द डिमांड फॉर वॉटर' बरोबर, 'द फार्मर्स डिमांडेड फॉर वॉटर' चूक. 'अ लॅक ऑफ बसेस' बरोबर, 'अवर व्हिलेज लॅक्स ऑफ बसेस' चूक. अशा वेळी शब्दाच्या आधी 'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'हिज' असं काही बसतं का ते बघा. बसत असेल तर ते नाम, आणि मागून प्रिपोझिशन चालेल. शब्दाला 'एड' लागलं असेल किंवा आधी 'आय', 'दे', 'द फार्मर्स' असा कर्ता असेल तर ते क्रियापद, आणि कर्म त्याला चिकटूनच येणार. हॉटेलात 'आय ऑर्डर्ड फॉर टी' म्हणणाऱ्याला चहा मिळतोच, पण परीक्षेत गुण मिळत नाही. 'आय ऑर्डर्ड टी फॉर माय फादर' मात्र बरोबर, कारण तिथला 'फॉर' चहाला लागलेला नाही, तो वडिलांना लागलाय.

लग्नाचं प्रकरण थोडं वेगळं आहे, आणि आपल्या भागात ते जास्त गमतीचं आहे. कन्नड बोलणारा तुमचा मित्र 'अवळन्नू मदुवेयाद' म्हणतो. त्यातलं 'अन्नू' म्हणजे सरळ कर्माची विभक्ती, आपल्या हिशेबानं 'तिला'. म्हणजे कन्नडची ही रचना इंग्रजीच्या 'ही मॅरीड हर' या रचनेच्या अगदी जवळ जाते. 'जोते', म्हणजे सोबत, असंही कन्नडात म्हणतात, पण थेट कर्माची वाट तिथं रुळलेली आहे. मराठीत ती नाही. मराठीला 'शी' हवाच, आणि 'शी'चं पहिलं इंग्रजी रूप आपल्याला 'विथ' असं शिकवलेलं असतं. त्यामुळे 'मॅरीड विथ'चा मोह मराठी माणसाला जास्त. तुम्हाला कन्नड येत असेल, आणि खानापूर तालुक्यातल्या मुलाला ती थोडीफार येतेच, तर हे एक वाक्य लिहिताना मनात कन्नड आणा. उलट पोचण्याच्या बाबतीत कन्नडचा काही उपयोग नाही. 'मनेगे तलुपिदे' मधला 'गे' आपल्या 'ला'चाच भाऊ, तोही 'टू'कडेच ढकलतो.

'मॅरी'चं आणखी एक सांगून टाकतो, कारण बायोडाटात ही चूक हमखास दिसते. लग्न करण्याची कृती सांगायची तेव्हा 'ही मॅरीड हर', मध्ये काहीच नाही. लग्न झालेलं आहे ही स्थिती सांगायची तेव्हा 'ही इज मॅरीड टू अ टीचर'. 'गॉट' घेऊन कृती सांगितली तरी 'ही गॉट मॅरीड टू अ टीचर'. इथं 'टू' लागतो, कारण इथं 'मॅरीड' विशेषणासारखं वागतं. आणि 'ही इज मॅरीड विथ टू चिल्ड्रन' हेही शुद्ध इंग्रजी आहे. त्याचा अर्थ तो विवाहित असून त्याला दोन मुलं आहेत. म्हणजे 'माय ब्रदर इज मॅरीड विथ...' असं सुरू झालेलं वाक्य वाचणाऱ्याला पुढं मुलांचा आकडा अपेक्षित असतो, आणि आपण तिथं निपाणीच्या वहिनींना आणून उभं करतो.

आता घरी जाऊ. 'होम' हा शब्द दोन रूपांत वावरतो. 'गो होम', 'कम होम', 'अराइव्ह होम' या ठिकाणी तो क्रियाविशेषण आहे, 'घर' नव्हे तर 'घरी'. मराठीतही आपण 'घरीला गेलो' म्हणत नाही, कारण 'घरी' या रूपातच दिशा आलेली आहे. इंग्रजीतल्या या 'होम'चं तेच. म्हणून 'टू होम' चूक, मग आधी क्रियापद कुठलंही असो. पण 'होम'च्या आधी 'माय', 'हिज', 'युवर' आलं की ते साधं नाम होतं, आणि तेव्हा 'ही केम टू माय होम' असं लिहावं लागतं. 'रीच'ला मात्र दोन्हीकडे 'टू' नको, कारण 'रीच' स्वतःच कर्म घेणारं क्रियापद आहे: 'रीच्ड होम', 'रीच्ड माय होम', 'रीच्ड द स्टेशन', 'रीच्ड लोंडा'. म्हणजे 'रीच्ड टू होम' या वाक्यात 'टू' दोन वेगवेगळ्या कारणांनी चुकलाय. एवढंसं वाक्य इतकी वर्षं शिकवूनही जात नाही, ते यामुळे असावं. 'होम'चं कारण कळलेला मुलगा पुढं 'रीच्ड टू द स्टेशन' लिहितोच.

दुसरा उपाय परीक्षेच्या घाईत उपयोगी पडतो. शंका आली की वाक्य मनातल्या मनात पॅसिव्ह करून बघा आणि शेवटी प्रिपोझिशन लोंबकळतं का ते ऐका. 'द मॅटर वॉज डिस्कस्ड' असं तुम्ही न अडखळता म्हणता. 'द मॅटर वॉज डिस्कस्ड अबाउट' असं कुणीच म्हणत नाही, 'डिस्कस अबाउट' लिहिणारासुद्धा. पॅसिव्हमध्ये जो शब्द आपोआप गळतो तो ॲक्टिव्हमध्येही नको. 'द व्हिलेज कॅन बी रीच्ड बाय बस' इथं 'टू' नाही, म्हणून 'वुई रीच्ड द व्हिलेज'. आता उलट बघा. 'द पेशंट वॉज लुक्ड' हे वाक्य लंगडं वाटतं ना? 'द पेशंट वॉज लुक्ड आफ्टर' म्हटलं की उभं राहतं. म्हणजे तिथला 'आफ्टर' क्रियापदाचाच भाग आहे, तो ॲक्टिव्हमध्येही ठेवायचा. 'डील विथ', 'लिसन टू' यांचंही तसंच.

पॅसिव्हच्या या कसोटीला मर्यादा आहेत. काही क्रियापदांचा पॅसिव्ह होतच नाही. 'शी रिझेम्बल्स हर मदर' हे वाक्य उलटवता येत नाही, 'लॅक'चंही तेच, आणि 'शी वॉज मॅरीड' म्हटलं तर कृती सांगितली की स्थिती ते कळत नाही. या तिघांसाठी प्रश्न विचारा: 'हूम डझ शी रिझेम्बल?', 'व्हॉट डू दे लॅक?', 'हूम डिड शी मॅरी?' प्रश्न प्रिपोझिशनशिवाय पुरा होतो, म्हणजे उत्तरातही ते नको.

एका अर्जावर हे चालवून दाखवतो. मजकूर मी रचलाय, पण वाचताना ओळखीचा वाटेल.

'यस्टरडे आय रीच्ड टू बेलगावी ॲट टेन. आय एन्टर्ड इन्टू युवर ऑफिस अँड रिक्वेस्टेड फॉर अ डुप्लिकेट मार्क्स कार्ड. द क्लार्क डिस्कस्ड अबाउट माय केस विथ हिज सीनियर. आय आन्सर्ड टू ऑल देअर क्वेश्चन्स. आय कॅनॉट कोप अप विथ धिस डिले.'

पहिल्या वाक्यातला 'टू' गेला: 'रीच्ड बेलगावी'. 'टू' ठेवायचाच असेल तर क्रियापद बदला, 'केम टू बेलगावी'. दुसऱ्यात 'एन्टर्ड युवर ऑफिस', पण खरं सांगायचं तर अर्जात 'आय केम टू युवर ऑफिस' जास्त सहज वाटतं. कारकुनाला तुम्ही दारातून आत शिरलात याच्याशी काही देणंघेणं नाही. 'प्रवेश केला' हे मराठी भाषांतर डोक्यात असल्यामुळे आपण 'एन्टर' गरजेपेक्षा जास्त वापरतो. पुढं 'रिक्वेस्टेड अ डुप्लिकेट मार्क्स कार्ड'. किंवा नाम घेऊन 'मेड अ रिक्वेस्ट फॉर'. किंवा 'आस्क्ड फॉर'. 'आस्क'ला 'फॉर' लागतो, 'रिक्वेस्ट'ला नाही. अर्थ एकच असला तरी घडण वेगळी.

तिसरं वाक्य नीट बघा. 'अबाउट' काढायचा, पण 'विथ' राहू द्यायचा: 'डिस्कस्ड माय केस विथ हिज सीनियर'. 'डिस्कस'ला विषय थेट लागतो आणि माणूस 'विथ'नं. नियम नुकताच शिकलेला मुलगा इथं 'विथ'ही खोडून टाकतो आणि वाक्य बिघडवतो. चौथ्यात 'आन्सर्ड ऑल देअर क्वेश्चन्स'. 'टू' ठेवायचा असेल तर 'रिप्लाइड टू'. 'आन्सर टू' हेही अस्तित्वात आहे, पण त्याचा अर्थ एखाद्याला जाब देणे, त्याच्या हाताखाली असणे. 'आय आन्सर टू द मॅनेजर' म्हणजे मॅनेजर माझा वरिष्ठ.

उरला 'कोप अप'. तुमच्या यादीत तो बाकीच्यांबरोबर बसलाय, पण त्याचा रोग वेगळा आहे. इथं जास्तीचा शब्द प्रिपोझिशन नाहीच. 'विथ' तर हवाच आहे, 'अप' नको आहे. 'कोप' कर्म घेत नाही. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या वार करणे या अर्थाच्या शब्दात आहे, आणि इंग्रजीत आधी त्याचा अर्थ कुणाशी तरी भिडणे, दोन हात करणे असा होता. भिडायचं तर समोर कुणीतरी हवा, त्याच्यासाठी तो 'विथ'. पुढं अर्थ निवळून निभावून नेणे असा झाला, 'विथ' तसाच राहिला. नुसतं 'ही इज नॉट कोपिंग' असंही चालतं.

मग 'अप' कुठून आला? शेजाऱ्यांकडून. 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ', 'पुट अप विथ' या तिघांची चाल कानात बसलेली असते, आणि अर्थही 'कोप'च्या आसपासचे असतात. तेव्हा 'अप' खोडून थांबू नका, तुम्हाला यातलं नेमकं काय म्हणायचं होतं ते ठरवा. इतरांच्या वेगानं चालणं म्हणजे 'कीप अप विथ द क्लास'. मागं पडून पुन्हा गाठणं म्हणजे 'कॅच अप विथ'. मुकाट्यानं सोसणं म्हणजे 'पुट अप विथ द नॉइज'. अडचणीत टिकून मार्ग काढणं म्हणजे 'कोप विथ'. वरच्या अर्जात उशीर सोसवत नाही असं म्हणायचं असेल, तर 'आय कॅनॉट पुट अप विथ धिस डिले' अर्थाला जवळचं, पण कार्यालयाला लिहिताना जरा उद्धट. मी तिथं सरळ 'धिस डिले इज कॉझिंग मी डिफिकल्टी' लिहीन.

आता सावधगिरीचं. ही चूक दुरुस्त करायला लागलेली मुलं थोड्या दिवसांनी उलट्या दिशेला घसरतात. 'लिसन मी', 'एक्स्प्लेन मी द सम', 'वुई अराइव्ह्ड द स्टेशन', 'आय रिप्लाइड हिज लेटर' अशी वाक्यं सुरू होतात, कारण प्रिपोझिशन दिसलं की काढायचं असा धडा मनानं घेतलेला असतो. म्हणून मी वर्गात शब्द जोडीनं देतो, एक प्रिपोझिशन न घेणारा आणि एक घेणारा. 'रीच द स्टेशन' आणि 'अराइव्ह ॲट द स्टेशन'. 'डिस्कस द प्रॉब्लेम' आणि 'टॉक अबाउट द प्रॉब्लेम'. 'एन्टर द रूम' आणि 'गो इन्टू द रूम'. 'आन्सर द लेटर' आणि 'रिप्लाय टू द लेटर'. 'रिझेम्बल हर मदर' आणि 'बी लाइक हर मदर'. जोडीतला एक आठवला की दुसरा मागून येतो, आणि गरज पडेल तिथं कुठला घ्यायचा ते आपल्या हातात राहतं.

काही ठिकाणी मात्र तेच क्रियापद प्रिपोझिशन घेतं, अर्थ बदलून. 'एन्टर इन्टू ॲन अग्रीमेंट' बरोबर आहे, कारण तिथं शिरणं नाही, करारानं बांधून घेणं आहे. पॅसिव्ह करून बघा: 'ॲन अग्रीमेंट वॉज एन्टर्ड इन्टू'. 'इन्टू' गळत नाही, आणि तो तिथला का आहे ते लगेच कळतं. 'अटेंड अ फंक्शन' म्हणजे हजर राहणं, 'अटेंड टू अ कस्टमर' म्हणजे ग्राहकाकडे लक्ष देणं. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्यानं ही दोन्ही उदाहरणं पक्की ठेवावीत. करार आणि ग्राहक हे दोन्ही बँकेतलेच विषय, आणि नुसती यादी पाठ केलेला माणूस अशा वाक्यात 'इन्टू' किंवा 'टू' दिसताच तिथं चूक म्हणून खूण करून मोकळा होतो.

कुणी तुम्हाला जुनं इंग्रजी दाखवून 'एन्टर इन्टू' बरोबरच आहे असं सांगेल. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'एन्टर इन्टू दाय क्लॉजेट' आहे, म्हणजे आपल्या खोलीत जा. त्या काळी ते चालत होतं. आज खोलीच्या बाबतीत चालत नाही, आणि परीक्षा आजच्या इंग्रजीची असते. 'डिस्कस अबाउट' आणि 'कोप अप' यांचीही वकिली होते, भारतभर इतके लोक बोलतात तर ती भारतीय इंग्रजीच म्हणा, अशी. बोलताना मला ते मान्य आहे. बाजारात किंवा एसटीत कुणी 'रीच्ड टू होम' म्हटलं तर मी दुरुस्त करत नाही, अर्थ पोचलेला असतो. लेखी परीक्षा आणि कार्यालयीन पत्र या दोन ठिकाणी मात्र ही वकिली उपयोगाची नाही.

एवढं करूनही एखाद्या क्रियापदाची शंका राहिली तर विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडा, फोनवरचा चालेल. अर्थ वाचायच्या आधी शब्दाशेजारचं अक्षर बघा. `T` असेल तर कर्म थेट लागतं, `I` असेल तर थेट कर्म नाही आणि जोडायचं तर प्रिपोझिशन लागेल. 'डिस्कस'पुढं `T` दिसेल, 'कोप'पुढं `I`. 'एन्टर'सारख्या काही शब्दांपुढं दोन्ही असतात. तिथं खालची उदाहरणं वाचून 'इन्टू' कुठल्या अर्थाला लागलाय ते बघावं लागतं.